वाटून घेतलेला ओरखडा

गाण्याच्या सीडीवर लेझर ज्या वाटेने फिरतो, त्या वाटेवरचा जवळजवळ अडीच मिलिमीटरचा तुकडा पुरता नष्ट झाला, तरी ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. तेवढ्या तुकड्यात सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं संगीत असतं. प्लेअर तिथे अंदाजाने काही भरत नाही, गेलेला प्रत्येक आकडा तो जसाच्या तसा परत मिळवतो. यामागे दोन कल्पना आहेत. पहिली 1960 साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी मांडली. दुसरी दिसायला फारच साधी आहे, पण माझ्या मते सीडीचा जीव तिच्यातच आहे.

आधी रीड-सॉलोमन. समजा, मला 3 आणि 5 हे दोन आकडे पाठवायचे आहेत. आलेखावर या दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती पुढे वाढवली की 7 आणि 9 मिळतात. मी चारही आकडे पाठवतो : 3, 5, 7, 9. वाटेत 7 चा 8 झाला, तर घेणाऱ्याला 3, 5, 8, 9 मिळतील. यांतले तीन आकडे एका रेषेवर बसतात, एक बसत नाही. दुसरी कोणतीही रेषा काढली तरी ती दोनपेक्षा जास्त आकड्यांतून जात नाही. म्हणजे चूक कुठे आहे आणि खरा आकडा कोणता, हे दोन्ही कळलं. चुकलेल्या जागा आधीच ठाऊक असतील, तर हीच व्यवस्था दुप्पट काम करते. कोणतेही दोन आकडे खोडले गेले, तरी उरलेल्या दोघांतून रेषा काढता येते. दोन जादा आकड्यांत एक अनोळखी चूक सुधारते किंवा दोन ओळखीच्या जागा भरून निघतात. प्रत्यक्षात रेषेऐवजी जास्त वळणांचे वक्र असतात आणि बेरीज-गुणाकाराचे नियम असे निवडलेले असतात की प्रत्येक उत्तर एका बाइटमध्येच मावावं. हिशेब मात्र हाच.

आता अडचण पाहा. ओरखडा एकेक आकडा निवडून पुसत नाही, तो सलग पुसतो. 3, 5, 7, 9 यांतले तीन एकदम गेले की रेषा काढायला काही उरत नाही. जादा आकडे वाढवत नेले तर गाण्याला जागा कमी पडते. म्हणून आकडे तेवढेच ठेवून त्यांचा क्रम बदलतात. यालाच इंटरलीव्हिंग म्हणतात. असे चार संदेश एकाखाली एक लिहू :

```
3  5  7  9
2  6 10 14
1  2  3  4
8  7  6  5
```

हे आडवे न पाठवता उभे पाठवायचे : आधी 3, 2, 1, 8, मग 5, 6, 2, 7, मग पुढचे. वाटेत सलग चार आकडे गेले, समजा 5, 6, 2, 7. घेणाऱ्याने कोष्टक पुन्हा मांडलं की प्रत्येक ओळीत एकच जागा रिकामी दिसते, आणि एक जागा प्रत्येक ओळ भरून काढू शकते. गेलेल्या जागा माहीत असतील तर सलग आठ आकडे गेले तरी चालतात, कारण प्रत्येक ओळीच्या वाट्याला दोनच येतात. नुकसान तेवढंच राहिलं, एकही जादा आकडा खर्च झाला नाही. फक्त एका ओळीचं मरण चार ओळींत वाटलं गेलं.

सोनी आणि फिलिप्स यांनी 1982 साली बाजारात आणलेल्या सीडीत हे दोन थरांत बसवलं आहे. संगीताचे 24 बाइट घेऊन त्यांना चार जादा बाइट जोडतात. या 28 बाइटांच्या गटाला सी-टू म्हणतात. मग हे 28 बाइट एकत्र न ठेवता प्रत्येकाला आधीच्यापेक्षा चार फ्रेम उशिरा सोडतात, त्यामुळे एक गट शंभराहून अधिक फ्रेमांवर पसरतो. तबकडीवर ही लांबी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास भरते. नंतर एका फ्रेममध्ये एकत्र आलेल्या, वेगवेगळ्या गटांतल्या 28 बाइटांना आणखी चार बाइट जोडले जातात. हा झाला सी-वन.

वाचताना क्रम उलटा. सी-वन आधी एकेका फ्रेमची तपासणी करून किरकोळ चुका तिथेच दुरुस्त करतो. नुकसान त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल, तर तो त्या फ्रेममधल्या सगळ्या बाइटांवर 'संशयित' अशी खूण करून पुढे पाठवतो. ही खूण फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे सी-टूला चुकलेल्या जागा आयत्या मिळतात आणि चार जादा बाइटांच्या बळावर तो दोनऐवजी चार बाइट परत आणू शकतो. एक फ्रेम वाटेवर साधारण 0.16 मिलिमीटर जागा घेते. सलग 15 फ्रेम गेल्या, तरी चार-चार फ्रेमांच्या अंतरामुळे कोणत्याही गटाचे चारच बाइट जातात. 15 फ्रेम म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर. सुरुवातीला सांगितलेला आकडा इथून येतो.

त्याहून मोठा घाव झाला, की प्लेअर शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घेऊन मधली जागा भरतो. शेजारचे नमुने वाचलेले असावेत म्हणून सम आणि विषम नमुने मुद्दाम लांब-लांब ठेवलेले असतात. त्यापलीकडे गेलं की क्षणभर आवाज बंद. संगणकाच्या सीडीत मात्र सरासरी चालत नाही. हिशेबाच्या फायलीत शेजारच्या दोन अक्षरांवरून तिसरं ओळखता येणार नाही. म्हणून तिथे दर 2048 बाइटांमागे दुरुस्तीचे 276 बाइट वेगळे खर्च केलेले असतात.

सीडी पुसताना मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नाही, या सूचनेचं कारणही यातच आहे. मधून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात वाट फक्त ओलांडतो, तेवढं सी-टू सहज सोसतो. गोल ओरखडा वाटेबरोबरच चालतो आणि सलग शेकडो फ्रेम खातो.

उपग्रहावरून येणाऱ्या टीव्हीच्या पहिल्या पिढीत, डीव्हीबी-एस पद्धतीत, हीच जोडी वेगळ्या कारणाने बसवली आहे. तिथे 188 बाइटांच्या पाकिटाला 16 जादा बाइट जोडतात, त्यांच्या बळावर कोणत्याही आठ चुका सुधारतात. त्याखाली आणखी एक दुरुस्तीचा थर असतो. तो बिटांच्या पातळीवर फार चांगलं काम करतो, पण हरला की एकटी चूक सोडत नाही, चुकांचा सलग पुंजका बाहेर टाकतो. म्हणजे इथे पुंजके आकाशातून येण्यापेक्षा आपल्याच यंत्रातून जास्त येतात. म्हणून एकाच पाकिटातले बाइट एकमेकांपासून निदान 12 जागा दूर ठेवतात. मग 96 बाइटांच्या पुंजक्यातही कोणत्याही पाकिटाच्या वाट्याला आठपेक्षा जास्त चुका येत नाहीत.

हे सगळं पसरणं नेहमीच्या उपग्रह वाहिनीच्या वेगाने सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात आटोपतं. जुलैत कोकणात किंवा मुंबईत पावसाची सर आली की डीटीएचचं चित्र आधी चौकोनांत फुटतं आणि मग जातं. त्या सरीपुढे इंटरलीव्हिंगचा काहीच उपयोग होत नाही, कारण सर मिनिटभर टिकते. समजा, फक्त पाच सेकंद सिग्नल पूर्ण गेला आणि ते बुजवायचं ठरवलं. 204 बाइटांतले 16 च जादा आहेत. गेलेल्या जागा आधी माहीत आहेत असं धरलं, तरी त्या पाच सेकंदांचं नुकसान निदान 64 सेकंदांच्या प्रक्षेपणात वाटावं लागेल. मग वाहिनी बदलल्यावर चित्र येईपर्यंत प्रत्येकाला मिनिटभर थांबावं लागेल, आणि तेवढं सगळं साठवणारी मेमरी प्रत्येक घरातल्या सेट-टॉप बॉक्समध्ये लागेल. म्हणून पावसाची सोय कोष्टकात होत नाही. ती छपरावरच्या डिशच्या व्यासात आणि सिग्नलच्या राखीव ताकदीत केलेली असते.