एकच रुग्ण दोन्हीकडे नको

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या क्लिनिकल सेंटरने 2017 साली छातीच्या एक्स-रेंचा एक मोठा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात 30,805 रुग्णांचे 1,12,120 एक्स-रे होते. रुग्णांची नावे काढून टाकली होती आणि प्रत्येक एक्स-रेवर चौदा आजारांपैकी कोणते दिसतात, की काहीच दिसत नाही, याची नोंद होती. ‘चेस्ट एक्स-रे 14’ या नावाने तो ओळखला जातो. एक्स-रे पाहून आजार ओळखणारे संगणकीय मॉडेल तयार करणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी तो वापरला.

असे मॉडेल घडवताना संग्रहाचे दोन भाग करावे लागतात. एका भागावर मॉडेल शिकते, तो प्रशिक्षण संच. दुसरा बाजूला ठेवतात आणि शिकून झाल्यावर त्यावर मॉडेलची परीक्षा घेतात, तो चाचणी संच. साधारणपणे ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के परीक्षेला, असे प्रमाण असते. हे काम एका ओळीच्या आज्ञेत होते, म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण मॉडेलच्या नावापुढे जो यशाचा आकडा लागतो, त्याचा खरेपणा याच वाटणीवर ठरतो.

नोव्हेंबर 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका गटाने याच संग्रहावर शिकवलेले ‘चेक्सनेट’ हे मॉडेल मांडले. न्यूमोनिया ओळखण्यात ते रेडिओलॉजिस्टांच्या तोडीचे आहे, असा त्यांचा दावा होता आणि त्याची चर्चाही खूप झाली. निबंधाच्या पहिल्या आवृत्तीत लिहिले होते की संपूर्ण संग्रह यादृच्छिक पद्धतीने 80 आणि 20 टक्क्यांत वाटला. हे वाचून एका संशोधकाने जाहीरपणे विचारले, की एकाच रुग्णाचे एक्स-रे दोन्ही भागांत गेले असतील, तर मॉडेल रुग्णाची शरीररचनाच पाठ करणार नाही का? गटाने वाटणी बदलली. पुढच्या आवृत्तीत 28,744 रुग्ण प्रशिक्षणाला, 1,672 रुग्ण अधूनमधून तपासणीला आणि 389 रुग्ण अखेरच्या परीक्षेला ठेवले, आणि एकही रुग्ण दोन संचांत नाही, असे स्पष्ट लिहिले.

त्या प्रश्नात एवढे वजन का होते, ते थोड्या हिशेबाने कळते. या संग्रहात माणशी सरासरी साडेतीनहून अधिक एक्स-रे आहेत. कित्येकांचा एकच आहे, तर दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या काहींचे शंभराच्या वर. आता एका रुग्णाचे चार एक्स-रे आहेत आणि आपण प्रत्येक एक्स-रे स्वतंत्रपणे, शंभरात ऐंशी या हिशेबाने प्रशिक्षणात टाकतो आहोत, असे धरू. त्यातला एक चाचणीत आला, तर उरलेल्या तिघांपैकी निदान एक प्रशिक्षणात असण्याची शक्यता किती? तिन्हीच्या तिन्ही चाचणीतच जाण्याची शक्यता 0.2 × 0.2 × 0.2, म्हणजे 0.008. म्हणून निदान एक भावंड प्रशिक्षणात असण्याची शक्यता 99.2 टक्के. दोनच एक्स-रे असले तरी ती 80 टक्के भरते. ज्यांचे एकाहून अधिक एक्स-रे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना मॉडेलने परीक्षेआधीच पाहिलेले असते. पेपर फुटलेल्या परीक्षेसारखी ही अवस्था: गुण मिळतात, पण अभ्यास झाला की नाही ते कळत नाही.

मॉडेल रुग्णाला ओळखते म्हणजे काय? बरगड्यांची ठेवण, हृदयाचा आकार, मणक्याचा बाक, पेसमेकर, जुन्या शस्त्रक्रियेच्या तारा, हे सगळे एका माणसाच्या प्रत्येक एक्स-रेत जवळपास तसेच असते. त्यातच जुनाट आजार महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे त्या माणसाच्या अनेक एक्स-रेंवर एकच नोंद असते. मग आजाराची खूण शोधण्यापेक्षा ‘या ठेवणीच्या छातीला ही नोंद’ एवढे लक्षात ठेवणे मॉडेलला सोपे पडते. हा आडमार्ग दवाखान्यात बंद असतो, कारण तिथे येणारा रुग्ण त्याने पूर्वी कधी पाहिलेला नसतो.

या संग्रहात गळती पकडणे अवघड नाही. प्रत्येक चित्राच्या नावातच रुग्णाचा क्रमांक आहे. `00000001_000.png` आणि `00000001_001.png` ही पहिल्या क्रमांकाच्या एकाच रुग्णाची दोन चित्रे. आधी रुग्णांची यादी वाटायची आणि मग ज्याची त्याची सगळी चित्रे त्याच्या मागोमाग न्यायची. वाटणी झाल्यावर पुढची तपासणी करायची:

```python
a = set(train["Patient ID"])
b = set(test["Patient ID"])
assert a.isdisjoint(b)
```

एकही क्रमांक दोन्हीकडे सापडला तर काम तिथेच थांबते. रुग्ण क्रमांक नसलेल्या संग्रहात मात्र हे जमत नाही. तिथे हुबेहूब सारखी चित्रे शोधता येतात, पण एकाच माणसाची निरनिराळ्या दिवशी काढलेली दोन चित्रे ओळखणे कठीण. म्हणून नावे पुसतानाही रुग्णाची एक निनावी खूण शिल्लक ठेवावी लागते. गळतीची शंका आल्यास तेच मॉडेल दोनदा शिकवावे, एकदा चित्रांच्या वाटणीवर आणि एकदा रुग्णांच्या वाटणीवर. दुसऱ्या वेळी गुण लक्षणीय उतरले, तर तेवढा वाटा बहुधा ओळखीचा होता असे समजावे.

इथवर आले की काम संपले असे वाटते, पण याच संग्रहात दुसरी अडचण दडलेली आहे. एनआयएचने स्वतः वाटणीच्या दोन याद्या दिल्या आहेत आणि त्यांत रुग्णांची सरमिसळ नाही. प्रशिक्षणाच्या यादीत 86,524 एक्स-रे आणि चाचणीच्या यादीत 25,596. रुग्ण मात्र एकीकडे 28,008 आणि दुसरीकडे 2,797. म्हणजे प्रशिक्षणात माणशी तीनच्या आसपास एक्स-रे येतात आणि चाचणीत नऊहून अधिक. ज्याचे पुन्हा पुन्हा एक्स-रे काढले जातात, तो बहुधा अधिक आजारी असतो. त्याचा परिणाम नोंदींवर दिसतो. ‘काही आढळले नाही’ अशी नोंद प्रशिक्षणात सुमारे 58 टक्के एक्स-रेंवर आहे, चाचणीत सुमारे 38 टक्के. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीच्या पोकळीत हवा शिरून फुफ्फुस दबणे, हा आजार प्रशिक्षणात 2,637 एक्स-रेंवर आहे आणि चाचणीत 2,665. टक्केवारीत हे 3 आणि 10 होते.

याने बिघडते काय? समजा एक मॉडेल शंभर आजाऱ्यांपैकी ऐंशी पकडते आणि शंभर निरोगी छात्यांपैकी दहांवर चुकून इशारा देते. आजाराचे प्रमाण तीन टक्के असेल तर हजार एक्स-रेंत 30 आजारी, त्यांतले 24 सापडतील. उरलेल्या 970 पैकी 97 वर खोटा इशारा होईल. म्हणजे 121 इशाऱ्यांपैकी 24 खरे, साधारण पाचात एक. तेच प्रमाण दहा टक्के धरले तर 100 पैकी 80 सापडतील आणि 900 पैकी 90 वर खोटा इशारा होईल. 170 इशाऱ्यांत 80 खरे, जवळपास निम्मे. मॉडेल तेच, त्याची नजर तीच, पण ‘याचा इशारा कितपत खरा मानावा’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर दुपटीहून अधिक बदलले. काही मापे प्रमाणाच्या बदलाने फारशी हलत नाहीत, पण इशाऱ्याचा खरेपणा हलतोच. इशारा कुठल्या गुणापासून द्यायचा ही सीमाही एका प्रमाणावर ठरवून दुसऱ्यावर वापरली की फसते.

म्हणून रुग्ण एकत्र ठेवायचे आणि आजारांची प्रमाणेही दोन्हीकडे सारखी ठेवायची, अशा दोन अटी एकदम पाळाव्या लागतात. एका एक्स-रेवर दोन-तीन आजार असू शकतात, त्यामुळे हे आणखी गुंतते. यावरची चांगली रीत म्हणजे सर्वांत दुर्मिळ आजारापासून सुरुवात करणे. या संग्रहात तो आहे हर्निया, म्हणजे पोटाचा भाग छातीत सरकणे. 1,12,120 पैकी फक्त 227 एक्स-रेंवर त्याची नोंद आहे. चाचणीच्या वाट्याला त्यातले साधारण 45 यायला हवेत. हर्नियाचे रुग्ण आधी घ्यायचे आणि ज्या बाजूला तूट अधिक, तिकडे एकेका रुग्णाला त्याच्या सगळ्या एक्स-रेंसह पाठवायचे. मग उरलेल्यांत जो आजार सर्वांत दुर्मिळ, त्याचे रुग्ण. ‘काही आढळले नाही’ वाले सर्वांत शेवटी, कारण ते भरपूर आहेत आणि उरलेली तफावत त्यांच्यावर भरून काढता येते. उलट क्रमाने गेलो तर दुर्मिळ आजाराच्या वेळी हात बांधलेले असतात.

प्रमाणे काट्याला काटा जुळणार नाहीत. एका रुग्णाचे हर्नियाचे दहा एक्स-रे असतील तर ते तोडता येत नाहीत. दोन अटींत ओढाताण झाली, तर प्रमाणाची थोडी तफावत सोसावी, रुग्णाची फाळणी कधीच नाही. प्रमाणातली तफावत आकड्यांत दिसते आणि हिशेबात धरता येते. गळती मात्र यशाच्या आकड्यात विरघळून जाते. शिवाय एक्स-रेंसोबत रुग्णही मोजावेत. चाचणीतले 45 हर्निया थोड्याच माणसांचे असतील, तर तेवढ्यावरून फार मोठे बोलता येत नाही.

दुर्मिळ आजार मॉडेलच्या नजरेत भरावा म्हणून त्याच्या प्रती वाढवण्याचीही पद्धत आहे. त्या प्रती वाटणीनंतर आणि फक्त प्रशिक्षण संचात काढाव्यात. आधी काढल्या तर एकाच चित्राच्या प्रती दोन्हीकडे जातात आणि दाराने बाहेर काढलेली गळती खिडकीतून आत येते. चाचणी संचातले प्रमाण मात्र, मॉडेल जिथे वापरायचे तिथल्यासारखे राहू द्यावे.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. 2018 मध्ये जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात दाखवले, की एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे हे मॉडेल जवळजवळ अचूक ओळखू शकते. त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाचे प्रमाण न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या एक्स-रेंत 34 टक्के होते, तर एनआयएचच्या संग्रहात जेमतेम सव्वा टक्का. अशा वेळी रुग्णालय ओळखले की निम्मे उत्तर हाती येते. एकाच रुग्णालयातले रुग्ण कितीही नीट वाटले, तरी हा दोष त्या वाटणीत उघडा पडत नाही. त्यासाठी एक आख्खे रुग्णालयच चाचणीसाठी बाजूला ठेवावे लागते. रुग्णांच्या वाटणीवर मिळालेला आकडा त्याच रुग्णालयातल्या नव्या माणसाबद्दल बोलतो. दुसऱ्या गावच्या रुग्णालयाला तो लागू करण्याआधी तिथल्या एक्स-रेंवर वेगळी परीक्षा घ्यायलाच हवी.