दट्ट्या ढकलला की दाब किती वाढतो?

औषधाच्या दुकानात ५० मिलीलिटरची मोठी सिरिंज मिळते. तिला सुई लावायची नाही. दट्ट्या ५० च्या खुणेपर्यंत मागे ओढायचा, पुढचे तोंड बोटाने घट्ट बंद करायचे आणि दट्ट्या आत ढकलायचा. बाहेर जायला वाट नसल्याने आतली हवा दाबली जाते आणि बोटाला ते जाणवते.

हा प्रयोग दोन प्रकारे करता येतो. एकदा अगदी सावकाश, अर्धा-पाऊण मिनिट घेऊन, दट्ट्या २५ च्या खुणेवर आणायचा. दुसऱ्यांदा एका झटक्यात तिथे न्यायचा. हवा तीच, सुरुवात तीच आणि शेवटची खूणही तीच. तरी दुसऱ्या वेळी हाताला जोर जास्त लावावा लागतो. सावकाश दाबले तर दाब बरोबर दुप्पट होतो. झटक्यात दाबले आणि जराही उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर तो सुमारे २.६४ पट होतो.

हाच फरक कागदावर काढला की अकरावी-बारावीच्या पुस्तकातली ती ओळखीची आकृती तयार होते. आडव्या अक्षावर आकारमान, उभ्या अक्षावर दाब आणि एकाच बिंदूतून जाणाऱ्या दोन वक्ररेषा. तापमान कायम ठेवून काढलेली रेषा समतापी, म्हणजे कॉलेजच्या भाषेत आयसोथर्मल. उष्णतेची ये-जा पूर्ण रोखून काढलेली रेषा रुद्धोष्म, म्हणजेच अ‍ॅडियाबॅटिक. दुसरी रेषा नेहमी जास्त उभी असते. हे वाक्य पुष्कळ जणांचे पाठ असते, पण ती उभी का, हे सिरिंजमध्ये डोकावल्याशिवाय नीट उमगत नाही.

हवेचा दाब म्हणजे रेणूंनी भिंतींवर आणि दट्ट्यावर सतत मारलेल्या धडका. तो दोन कारणांनी वाढू शकतो. जागा कमी झाली की रेणूंची दाटी होते आणि धडका वाढतात. किंवा रेणूंचा वेग वाढतो आणि प्रत्येक धडक जोरदार होते. रेणूंचा वेग वाढणे यालाच आपण हवा तापणे म्हणतो.

दट्ट्या आत सरकताना या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. दाटी होते हे उघडच आहे. वेग का वाढतो, हे क्रिकेटमध्ये रोज दिसते. बॅट नुसती धरून ठेवली तर चेंडू आपटून मऊपणे परत येतो. बॅट चेंडूच्या दिशेने फिरवली तर तोच चेंडू आला त्याहून वेगाने जातो. पुढे येणाऱ्या दट्ट्यावर आपटणारा प्रत्येक रेणू असाच थोडा जास्त वेग घेऊन परततो. दट्ट्या सावकाश येवो की झटक्यात, हवेला ही ऊर्जा मिळतेच. फरक पुढे पडतो. सावकाश ढकलताना ती ऊर्जा सिरिंजच्या भिंतीतून, बोटातून बाहेर निघून जाते आणि आतले तापमान खोलीइतकेच राहते. मग दाब वाढतो तो केवळ दाटीमुळे. झटक्यात ढकलले तर उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळत नाही. दाटीचा दाब आणि तापलेल्या हवेचा दाब असे दोन्ही एकत्र भरतात. रुद्धोष्म रेषा जास्त उभी असण्याचे कारण एवढेच.

आता हा उष्णतेचा वाटा किती, ते मोजू. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन आणि हवेचा दाब १०० किलोपास्कल धरू. दट्ट्या फक्त ५० वरून ४९ वर आणू. आकारमान २ टक्क्यांनी घटले, म्हणून दाटीमुळे दाब सुमारे २ टक्क्यांनी वाढला. हे करताना आपण हवेवर किती कार्य केले? दाब गुणिले आकारमानातला बदल, म्हणजे जवळपास ०.१ ज्यूल. हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंमध्ये आधीपासून जी औष्णिक ऊर्जा आहे, ती दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराच्या अडीच पट असते. आपल्या सिरिंजसाठी ती १२.५ ज्यूल येते. १२.५ मध्ये ०.१ ची भर म्हणजे ०.८ टक्के. केल्विनमधले तापमान तेवढेच वाढेल, म्हणजे हवा सुमारे २.४ अंशांनी तापेल आणि त्यापायी दाबही आणखी ०.८ टक्क्याने वाढेल.

दाटीचे २ टक्के आणि उष्णतेचे ०.८ टक्के मिळून २.८. समतापी बदलात जिथे २ आले, तिथे रुद्धोष्म बदलात २.८ आले. या दोहोंचे गुणोत्तर १.४. पुस्तकात ज्याला गॅमा म्हणतात तो हाच आकडा, आणि समतापी रेषेचा चढ −P/V तर रुद्धोष्म रेषेचा −γP/V या सूत्रांचा अर्थही हाच. १ हा दाटीचा हिस्सा आणि त्यावरचा ०.४ हा अडकून पडलेल्या उष्णतेचा.

उलट दिशेनेही हाच हिशेब चालतो. दट्ट्या मागे ओढला तर हवा विरळ होते, शिवाय मागे सरणाऱ्या दट्ट्यावर आपटून रेणूंचा वेग कमी होतो. म्हणून प्रसरण होताना रुद्धोष्म रेषा समतापी रेषेच्या खाली जाते. सामाईक बिंदूच्या डावीकडे ती वर आणि उजवीकडे खाली असते.

परीक्षेत इथे एक चूक हमखास होते. रुद्धोष्म रेषा जास्त उभी, हे विधान त्याच बिंदूपाशी खरे आहे. दोन्ही रेषा वाकड्या असल्याने त्यांचा चढ जागोजागी बदलतो. आपल्याच सिरिंजमध्ये ५० मिलीलिटरपाशी रुद्धोष्म रेषेचा उतार दर मिलीलिटरला २.८ किलोपास्कल आहे. समतापी रेषेवरून २५ मिलीलिटरपर्यंत गेलो की दाब २०० होतो आणि तिथला उतार दर मिलीलिटरला ८ किलोपास्कल. म्हणजे इथली समतापी रेषा तिथल्या रुद्धोष्म रेषेपेक्षा कितीतरी उभी आहे. आकृतीतले दोन वेगवेगळे तुकडे नुसते नजरेने पाहून कुठला कोणता हे ठरवू नये. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच तुलना करावी.

प्रत्यक्ष सिरिंज मात्र कुठल्याच रेषेवर चोख चालत नाही. झटक्यात निम्म्यावर दाबलेली हवा हिशेबाने १२० अंशांच्या वर जायला हवी, पण एवढ्याशा नळीतली उष्णता एक-दोन सेकंदांत भिंतीकडे निघून जाते. दाबमापक जोडला तर हे स्पष्ट दिसते. दाब दुपटीच्या वर उसळतो आणि दट्ट्या तिथेच धरून ठेवला तरी खाली येऊ लागतो. इथे हवा कुठून तरी गळत असावी अशी शंका येते. तिची परीक्षा सोपी आहे. हवा नुसती निवत असेल तर दाब दुपटीपाशी येऊन थांबतो. गळती असेल तर तो त्याखालीही उतरत राहतो आणि दट्ट्या सोडल्यावर पुन्हा ५० च्या खुणेपर्यंत येत नाही.

या दोन रेषांतला फरक विज्ञानाच्या इतिहासात फार मोठ्या घोटाळ्याचे मूळ ठरला. ध्वनी म्हणजे हवेत पुढे सरकणारे दाब. ध्वनीचा वेग काढायचा तर हवा दाबली असता ती किती जोराने उसळते हे माहीत हवे, आणि तो जोर म्हणजे आपल्या वक्ररेषेचा चढच. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’मध्ये हा हिशेब केला तेव्हा त्याने दाब फक्त दाटीच्या प्रमाणात वाढतो असे धरले. म्हणजे त्याने समतापी रेषेचा चढ घेतला. १७१३ च्या आवृत्तीत त्याचे उत्तर सेकंदाला ९७९ फूट आले, तर मोजलेला वेग होता ११४२ फूट. ही तफावत भरून काढण्यासाठी त्याने हवेतल्या कणांची जाडी, हवेतली वाफ अशी कारणे पुढे केली. ती टिकली नाहीत.

शंभरेक वर्षांनी, १८१६ मध्ये, फ्रान्सच्या लाप्लासने खरे कारण मांडले. ध्वनीलहरीत हवा दबते तिथे ती तापते आणि ती उष्णता शेजारी पोहोचायच्या आत लहर पुढे गेलेली असते. ३४० हर्ट्झचा सूर घेतला तर दबलेल्या आणि विरळ झालेल्या पट्ट्यांमध्ये सुमारे अर्धा मीटर अंतर असते. सेकंदाच्या सुमारे सातशेव्या भागात दबलेल्या हवेची विरळ हवा होते. तेवढ्या वेळात हवेतून उष्णता पसरते ती जेमतेम ०.२ मिलिमीटर. तेव्हा इथे रुद्धोष्म रेषाच लागू पडते. शून्य अंशाच्या हवेसाठी समतापी हिशेब सेकंदाला २८० मीटर देतो. चढ १.४ पट घेतला की वेग त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.१८ पटीने वाढतो आणि ३३१ मीटर येतो. मोजलेला वेगही हाच आहे.

आता १.४ हा आकडा पुन्हा पाहू. तो अडीच पटीतून आला होता आणि अडीच पट यासाठी की नायट्रोजन-ऑक्सिजनचे जोड-रेणू मिळालेली ऊर्जा काही सरळ धावण्यात आणि काही गरागरा फिरण्यात वाटून घेतात. फिरण्यात गेलेली ऊर्जा दाब वाढवत नाही. सुट्ट्या अणूंचा वायू असेल तर फिरण्याचा हा वाटा नसतो आणि अडीच पटीऐवजी दीड पट येते. आपल्या सिरिंजमध्ये १२.५ ऐवजी ७.५ ज्यूल असतील आणि त्याच ०.१ ज्यूलने वायू १.३ टक्के तापेल. गॅमा १.६७ होईल आणि रेषा आणखी उभी राहील.

१८९४ मध्ये रॅली आणि रॅमसे यांना हवेत एक नवाच वायू सापडला. तो कशाशीच संयोग पावत नव्हता, त्यामुळे त्याच्या रेणूत किती अणू आहेत हे रसायनशास्त्राच्या नेहमीच्या मार्गांनी कळेना. त्यांनी नळीत तो वायू भरून त्यातला ध्वनीचा वेग मोजला आणि त्यावरून गॅमा काढला. तो १.६७ च्या जवळ आला. त्या वायूचे, म्हणजे आरगॉनचे, अणू एकेकटेच फिरतात हे त्यांनी ओळखले ते या उभ्या रेषेच्या चढावरून.