न संपलेला दिवस बेरजेत नको

किराणा दुकानाचा रोजमेळ रात्री लागतो. गल्ला मोजून होतो, रोख आणि यूपीआयचा ताळा जुळतो, उधारी खात्यावर चढते आणि मगच त्या तारखेखाली रेघ ओढली जाते. हिशेब संगणकावर गेला की ही रेघ ओढणारं कुणी राहत नाही. बिल झालं की ते त्या दिवसाच्या तारखेखाली जाऊन बसतं, आणि पहाटे रिपोर्ट ताजा करायची वेळ झाली की संगणक समोर दिसेल ते सगळं मोजतो. त्यात परवाचा पुरा दिवस असतो, कालचा पुरा दिवस असतो आणि आजची जेमतेम पाऊण तासाची विक्रीही असते. संगणकाच्या लेखी हे तीनही सारखेच 'दिवस'.

रिपोर्ट ताजा करण्याला या धंद्यात सगळे 'रिफ्रेश' म्हणतात. तो पहाटे ठेवण्याची कारणं रास्त आहेत. रात्रीची बिलं तोवर वर चढलेली असतात, सर्व्हरवर गर्दी नसते आणि मालकाला चहाच्या वेळी आकडे हातात मिळतात. पण नेमक्या याच वेळी 'आज' सगळ्यात लहान असतो. संध्याकाळी सात वाजता रिफ्रेश केला तर अर्ध्याहून जास्त दिवस जमा झालेला असतो. पहाटे सव्वासहाला फक्त दुधाच्या पिशव्या आणि पाव विकला गेलेला असतो.

एक हिशेब मांडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. दूध विकणारं एक किराणा दुकान साडेपाचला उघडतं, रिफ्रेश सव्वासहाला होतो आणि आज गुरुवार आहे. गेल्या गुरुवारी विक्री ५२ हजार झाली होती. शुक्रवारी ५१, शनिवारी ६८, रविवारी ७४, सोमवारी ४८, मंगळवारी ४९ आणि काल बुधवारी ५० हजार. सात दिवसांची बेरीज ३ लाख ९२ हजार, म्हणजे रोजची सरासरी ५६ हजार.

आता आज सव्वासहापर्यंतची विक्री दोन हजार आहे असं धरा. 'शेवटचे सात दिवस' मोजताना रिपोर्ट या दोन हजारांनाही एक दिवस धरतो आणि त्यांच्यासाठी गेल्या गुरुवारचे ५२ हजार बाहेर काढतो. बेरीज ३ लाख ४२ हजारांवर येते आणि सरासरी ४८ हजार ८५७ वर. दुकानात काहीच बिघडलेलं नाही, तरी सरासरी पावणेतेरा टक्क्यांनी घसरलेली दिसते. शेजारच्या चौकटीत 'कालच्या तुलनेत' असं लिहून खाली लाल अक्षरांत उणे ९६ टक्के येतं. मालक फोन उचलून विचारतो, "अहो, धंदा बसला की काय आमचा?"

ही चूक रोज होते, म्हणून तिची सवय होईल असं वाटतं. रिपोर्ट थोडा कमीच दाखवतो, एवढं मनात धरून चालायचं, असं म्हणणारे मला बरेच भेटतात. पण चूक रोज सारखी नसते. रविवारी सकाळी दोन हजारांसाठी गेल्या रविवारचे ७४ हजार बाहेर जातात, म्हणून सरासरी ४५ हजार ७१४ दिसते. सोमवारी सकाळी फक्त ४८ हजार बाहेर जातात आणि सरासरी ४९ हजार ४२९ होते. प्रत्येक आठवडा अगदी सारखा गेला तरी रिपोर्टमध्ये रविवारी खड्डा पडतो आणि सोमवारी चढ येतो. खरी सरासरी या काळात ५६ हजारांवरून हललेलीही नसते. जो दिवस सगळ्यात जास्त विक्रीचा, त्याच दिवशी रिपोर्ट सगळ्यात खाली जातो.

महिन्याच्या सरासरीत तर याहून फसवी गोष्ट घडते. रोज बरोबर ५६ हजार विक्री होते असं समजा. दोन तारखेच्या सकाळी रिपोर्टकडे एक पुरा दिवस आणि एक तुकडा असतो, म्हणून सरासरी २९ हजार. दहा तारखेला ५० हजार ६००, वीस तारखेला ५३ हजार ३०० आणि तीस तारखेला ५४ हजार २००. तुकडा तोच, फक्त दिवस वाढत गेल्याने त्याचं वजन कमी होत जातं. आलेखावर मात्र धंदा महिनाभर छान चढत गेल्याचं दिसतं आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तो पुन्हा आपटतो. महिनाअखेरीला आपल्याकडे जोर येतो, असा समज या आलेखावरून झाला की त्यावर माल भरण्याचे निर्णय होऊ लागतात. मला या साऱ्या प्रकारातली सर्वांत धोकादायक गोष्ट हीच वाटते. लाल उणे ९६ टक्के पाहून निदान कुणीतरी विचारतं तरी. हळूहळू चढणाऱ्या रेषेला कुणी विचारत नाही.

उपाय एका अटीचा आहे. तारीख आजच्यापेक्षा लहान असेल तरच ती नोंद मोजायची. एक्सेलमध्ये `A` रकान्यात तारीख आणि `C` मध्ये रक्कम असेल तर सात दिवसांची सरासरी अशी निघते:

```
=SUMIFS(C:C,A:A,">="&TODAY()-7,A:A,"<"&TODAY())/7
```

इथे शेवटच्या अटीत `<` आहे याकडे लक्ष द्या. पुष्कळ जण त्याऐवजी 'कालपर्यंत' अशा अर्थाने `"<="&TODAY()-1` लिहितात. वाचायला दोन्ही सारखंच वाटतं. रकान्यात नुसती तारीख असेल तर उत्तरही सारखंच येतं. पण बिलाच्या तारखेसोबत वेळही नोंदलेली असेल तर फरक मोठा पडतो. एक्सेल तारीख पूर्णांकात ठेवतो आणि वेळ अपूर्णांकात, दुपारी बारा म्हणजे अर्धा. त्यामुळे 'काल' हा आकडा म्हणजे कालची मध्यरात्र. कालचं सकाळी दहाचं बिल त्यापेक्षा मोठं ठरतं आणि गळतं. अशा रीतीने आजचा तुकडा काढायला जावं आणि कालचा अख्खा दिवस हातचा जावा. म्हणून अट नेहमी 'आजची तारीख सुरू होण्याआधी' अशीच घालावी.

दुसरा आडमार्ग म्हणजे तक्त्यातली शेवटची ओळ वगळणं. बहुतेक दिवशी तो चालून जातो. पण एखाद्या सकाळी पावसामुळे दुकान उशिरा उघडलं आणि सव्वासहापर्यंत एकही बिल झालं नाही, तर आजची ओळच तयार होत नाही. मग शेवटची ओळ असते कालची, आणि तीच कापली जाते. तारखेने वगळा, जागेने नको.

आता घड्याळाकडे येतो, कारण आपल्या देशात हा गुंता हमखास होतो. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे आहोत. सर्व्हरची तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत `TODAY()` विचारलं तरी ती यूटीसीची तारीख सांगते. गुरुवारी पहाटे पाचला रिफ्रेश लावला असेल, तर सर्व्हरच्या हिशेबाने अजून बुधवारच्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. 'आजच्यापेक्षा लहान' म्हणजे त्याच्या दृष्टीने मंगळवारपर्यंत. आपला पुरा झालेला बुधवार तो प्रामाणिकपणे वगळतो आणि रिपोर्ट एक दिवस मागे राहतो. कुणीतरी रिफ्रेश पाचवरून सव्वासहावर नेतं आणि सगळं आपोआप सुधारतं. का सुधारलं हे कळलं नाही, तर पुन्हा वेळ बदलली की पुन्हा बिघडतं. म्हणून 'आज' कुठला, हे स्पष्ट लिहून ठेवावं. बिलाची भारतीय तारीख `bill_date` मध्ये असेल, तर पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ते असं लिहितात:

```sql
WHERE bill_date < (now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

ही अट बसवल्यावर एक तारखेच्या सकाळी नवा प्रश्न उभा राहतो. 'या महिन्यात' एकही पुरा दिवस नसतो, आणि सरासरीच्या चौकटीत शून्याने भागल्याची चूक येते. त्या दिवशी महिना ठरवावा तो कालच्या तारखेवरून. एक ऑगस्टच्या सकाळी जुलैचा पुरा महिना दिसणं हेच योग्य आहे, मालकाला त्या दिवशी तोच हवा असतो.

आणि कालचा दिवस तरी खरंच पुरा आहे का? तीन शाखांपैकी एका शाखेचं इंटरनेट रात्री गेलं, तर तिथली संध्याकाळची बिलं सकाळी दुकान उघडल्यावर वर चढतात. आज वगळण्याच्या अटीला हे कळत नाही. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रत्येक शाखेच्या कालच्या शेवटच्या बिलाची वेळ. दोन शाखांचं शेवटचं बिल रात्री साडेनऊच्या सुमाराचं आणि तिसरीचं दुपारी चारचं असेल, तर तिसरीचा आकडा अजून अर्धवट आहे. मी हा रकाना रिपोर्टच्या माथ्यावरच ठेवतो. सकाळी साडेदहाला आणखी एक रिफ्रेश लावला की असे उशिरा आलेले आकडे जागेवर बसतात.

दिवस पुरा होतो कधी हे आधी जाहीर करणं, हा या प्रश्नाचा जुना आणि पक्का उपाय आहे. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी साडेआठला संपतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसाचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. पहाटे सहाला कुणी पर्जन्यमापक पाहिला तरी ते माप त्या दिवसाच्या रकान्यात जात नाही. रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या हॉटेलानेही आपला दिवस असाच ठरवायला हवा, मग बाराच्या ठोक्याला जेवणाची एक पंगत दोन तारखांत तुटणार नाही.

आजचे आकडे पाहूच नयेत असं मात्र नाही. दूध वेळेवर आलं का, गल्ला सुरू झाला का, हे सकाळीच कळायला हवं. त्यासाठी आजची विक्री वेगळ्या चौकटीत दाखवावी, 'आज सव्वासहापर्यंत' असं लिहून. तुलना करायची तर गेल्या गुरुवारच्या सव्वासहापर्यंतच्या विक्रीशी करावी. गेल्या गुरुवारी त्या वेळेला १,९०० झाले होते आणि आज दोन हजार झाले, तर सकाळ नेहमीसारखीच आहे. आलेखावर दाखवायचंच असेल तर गुगल ट्रेंड्स करतं तसं करावं. तिथे अपुऱ्या काळाची रेषा तुटक असते, आणि ती पाहणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

उद्या सकाळी तुमचा रिपोर्ट उघडाल तेव्हा सरासरी बघण्याआधी शेवटची तारीख बघा. ती आजची असेल, तर रिपोर्ट बनवणाऱ्याला आधी ती अट घालायला सांगा आणि कालचा आकडा मगच खरा धरा.