‘आम्ही’मधले तुम्ही किती?

‘गोदामातून माल निघण्याचा वेळ 40 टक्क्यांनी घटवला,’ असं बायोडेटात लिहिलेलं असतं. मुलाखतीत आधी विचारावं, पूर्वी किती वेळ लागायचा आणि तो कुठून कुठपर्यंत मोजला? मग, त्यात तुमच्या हातचं काम कोणतं? ज्यानं ते केलंय तो बारकावे सांगतो: ऑर्डरप्रमाणे निघणारी यादी रॅकप्रमाणे लावली, हमालांची फेरी वाचली, पण सुरुवातीला ऑर्डरींची सरमिसळ झाली. नुसता साक्षीदार असलेला ‘प्रक्रिया सुधारली’ याच्या पुढे जात नाही. मात्र आपल्याकडे पुष्कळजण संकोचानं ‘आम्ही’ म्हणतात, आकडाही विसरतात. तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. ‘तुमच्याकडे काय होतं?’ हे पुन्हा एकदा नक्की विचारा.