एकाच दिवसाचे दोन हिशेब

समजा, एका कंपनीचे तिमाही निकाल बाजार बंद झाल्यावर आले आणि ते वाईट होते. शेअर काल ५०० रुपयांवर बंद झाला होता. आज तो थेट ४५० वर उघडला, ४४० पर्यंत घसरला, मग सावरत ४६० ला शिवला आणि ४५८ वर बंद झाला. दिवसभरात दहा लाख शेअरची देवघेव झाली. आजचा दिवस खरेदीदारांचा की विकणाऱ्यांचा?

चार्टच्या खाली दोन निर्देशक लावून ठेवलेल्या माणसाला इथे दोन उलट उत्तरं मिळतात. चायकिन मनी फ्लो म्हणतो, खरेदीदारांचा. फोर्स इंडेक्स म्हणतो, विकणाऱ्यांचा, आणि तोही दणदणीत. दोघांचं गणित बरोबर असतं. फक्त दोघे वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून मोजतात.

मार्क चायकिन या अमेरिकी विश्लेषकाची पद्धत फक्त आजच्या दिवसाकडे पाहते. बंद भाव दिवसाच्या पट्ट्यात कुठे पडला, एवढाच तिचा प्रश्न. अगदी वरच्या टोकाला पडला तर अधिक एक, तळाला पडला तर उणे एक, बरोबर मध्यावर पडला तर शून्य. आपल्या उदाहरणात पट्टा ४४० ते ४६०. बंद भाव तळापासून १८ रुपये वर आणि माथ्यापासून २ रुपये खाली. अठरातून दोन गेले सोळा, त्याला वीसने भागलं की ०.८. दहा लाखांना त्याने गुणलं की आठ लाख शेअर ‘जमा’ बाजूला. अशी साधारण २० किंवा २१ दिवसांची बेरीज करून तिला त्या दिवसांच्या एकूण व्हॉल्यूमने भागतात. आदल्या दिवशीचे ५०० रुपये या हिशेबात कुठेच येत नाहीत. ज्याच्या खात्यात रात्रीतून पन्नास रुपये वितळले, त्याला ही ‘जमा’ पटणं कठीणच.

फोर्स इंडेक्स अलेक्झांडर एल्डर यांचा. जहाजावरचे डॉक्टर असताना त्यांनी आफ्रिकेत सोव्हिएत जहाज सोडलं, पुढे अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि १९९३ च्या आपल्या पुस्तकातून हा निर्देशक लोकांपुढे ठेवला. त्यांचं सूत्र एका ओळीचं: आजच्या बंद भावातून कालचा वजा करा आणि व्हॉल्यूमने गुणा. म्हणजे उणे ४२ गुणिले दहा लाख, उणे ४ कोटी २० लाख. ४४० वरून शेअर कसा सावरला, याची इथे नोंदच नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र फिरतं. शेअर ४८० पर्यंत उसळतो, विक्रीच्या माऱ्यात ४६० वर येतो आणि ४६४ वर बंद होतो. व्हॉल्यूम सहा लाख. फोर्स इंडेक्स खूश: सहा रुपये वर, म्हणून अधिक ३६ लाख. चायकिनच्या वहीत मात्र उणे ०.६, म्हणजे ३ लाख ६० हजार शेअर ‘वाटप’ बाजूला.

या दोन दिवसांत कोणाचं ऐकावं? निकाल, बातमी, रात्रीतली उलथापालथ यांमुळे भाव उडी मारून उघडला असेल, तर फोर्स इंडेक्स जास्त प्रामाणिक ठरतो. उडी नसलेल्या रटाळ आठवड्यांत, भाव एकाच पट्ट्यात फिरत असताना, कोणी रोज शेवटी शेवटी माल उचलतंय का हे चायकिनची पद्धत चांगलं टिपते. फोर्स इंडेक्सचा एका दिवसाचा आकडा फार उड्या मारतो. म्हणून एल्डर त्याची २ दिवसांची किंवा १३ दिवसांची घातांकी सरासरी पाहायला सांगतात. तिच्यात जुना दिवस हळूहळू विरतो. चायकिनच्या २१ दिवसांच्या खिडकीतून मात्र तो एकदम बाहेर पडतो आणि आज बाजारात काहीच घडलं नसताना रेषा दचकते. अशी रेषा हलली की आधी २१ दिवसांपूर्वीची मेणबत्ती पाहावी.

आपल्याकडे आणखी काही खाचखळगे आहेत. शेअर सकाळीच अप्पर सर्किटला लागून दिवसभर तिथेच अडकला, तर माथा आणि तळ एकच होतात, भागाकार शून्याने येतो आणि सॉफ्टवेअर बहुधा शून्य लिहून मोकळं होतं. खरेदीदारांची रांग लागलेली असते आणि निर्देशक गप्प! एकास एक बोनस दिल्यावर भाव निम्मा होतो. जुने भाव दुरुस्त केलेले नसतील तर फोर्स इंडेक्सला तिथे प्रचंड विक्री दिसते, चायकिनला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि ‘जमा’ हा शब्द जरा मोठाच आहे. दोन्ही सूत्रांतल्या व्हॉल्यूममध्ये सकाळी घेऊन दुपारी विकलेले शेअरही मोजले जातात. डिमॅट खात्यात खरोखर किती शेअर गेले, याचा अंदाज एनएसई रोज देत असलेल्या डिलिव्हरीच्या आकड्यावरून येतो. त्या दहा लाखांपैकी डिलिव्हरी दीड लाखाचीच निघाली, तर चायकिनच्या वहीतले आठ लाख कोणाच्याच घरी गेलेले नसतात.