थालीपिठाचा हिशेब तेलाच्या वाटीत

इंदापूरच्या जिममध्ये जाणारा भाचा हल्ली ताटातल्या प्रत्येक पदार्थाचे ‘मॅक्रो’ विचारतो. प्रोटीन किती, कार्ब किती, फॅट किती. भाकरीचं उत्तर सोपं आहे, कारण तिच्यात एक पीठ आणि पाणी एवढंच असतं. थालीपिठाचं मात्र कुणी ठोस सांगत नाही. मोबाइलवर शोधलं तर एका ठिकाणी दीडशे कॅलरी, दुसरीकडे साडेतीनशे. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण प्रत्येक घरची भाजणी वेगळी, थालीपीठ वेगळ्या आकाराचं आणि तेलाचा हात तर त्याहून वेगळा. म्हणून बारामतीच्या जिरायती पट्ट्यातल्या आमच्या घरी भाजणी करायला काढली, तेव्हा वजनकाटा शेजारी ठेवला.

आमचं प्रमाण असं: बाजरी 300 ग्रॅम, ज्वारी 300, गहू 100, तांदूळ 100, हरभराडाळ 100, उडीदडाळ 50, धणे 40 आणि जिरे 10. एकूण एक किलो. बाजरी खरिपाची, ज्वारी रब्बीची, दोन्ही घरच्या. कालव्याच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात राहणारी माझी जाऊ गहू जास्त घालते आणि बाजरी कमी. तिचं थालीपीठ मऊ, आमचं खरखरीत. मॅक्रोच्या दृष्टीने या दोन भाजण्यांत फार अंतर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यात बाजरी, ज्वारी आणि गहू या तिघांतही शंभर ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं आहेत. डाळींत मात्र बावीसच्या आसपास.

त्या तक्त्यावरून आमच्या एक किलो धान्याची बेरीज केली: प्रथिनं सुमारे 120 ग्रॅम, स्निग्धांश 38, कर्बोदकं 610, ऊर्जा साधारण 3350 कॅलरी. इथेच पहिली चूक होण्याची जागा आहे. तक्त्यातले आकडे कच्च्या धान्याचे असतात आणि आपण वापरतो भाजलेल्याचं पीठ. भाजताना धान्यातलं पाणी उडतं. प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगळं भाजायचं, कारण बाजरी पटकन तडतडते, तर हरभराडाळीला वेळ लागतो. उडदाचा खमंग वास आला की उतरवायचा, तांदूळ किंचित तांबूस झाला की थांबायचं. हे सगळं करून दळून आणल्यावर आमचं पीठ 940 ग्रॅम भरलं. थोडं गिरणीत राहिलं असेल, पण बहुतेक घट पाण्याची. बेरीज तीच राहते, भागायचं मात्र 940ने. म्हणून शंभर ग्रॅम भाजणीत प्रथिनं 12.8 ग्रॅम, स्निग्धांश 4, कर्बोदकं 65 आणि कॅलरी 357.

आता पीठ मळणं. पाच थालीपिठांसाठी 300 ग्रॅम भाजणी आणि 150 ग्रॅम बारीक चिरलेला कांदा घेतला. म्हणजे एकाला 60 ग्रॅम पीठ आणि 30 ग्रॅम कांदा. तिखट, मीठ, हळद, कोथिंबीर हिशेबात नगण्य. कांद्याच्या कॅलरीही जेमतेम पंधरा, पण तो हिशेब दुसऱ्या वाटेने बिघडवतो. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं. आधीच बेताचं भिजवलेलं पीठ दहा मिनिटांत सैल होतं, थापताना फडक्याला चिकटतं आणि हात आपोआप डब्याकडे जातो. दोन मुठी पीठ आणखी पडलं तर पाचांची सहा होतात आणि वहीत पाचच राहतात. म्हणून कांदा आधी मिठासकट चुरून ठेवावा आणि सुटलेल्या पाण्यातच पीठ कालवून मग लागेल तेवढं पाणी घालावं.

ओल्या फडक्यावर थापून, मधे आणि कडेने बोटाने भोकं पाडून थालीपीठ तव्यावर टाकलं की तेलाची पाळी. ‘दोन चमचे’ हे माप कुणाच्याच घरी सारखं नसतं. सासूबाईंच्या चमच्याला तर बुडच नाही म्हणा. म्हणून शेंगदाणा तेलाची वाटीच काट्यावर ठेवली: आधी 140 ग्रॅम, पाच थालीपिठं उतरल्यावर 82. गेलं 58 ग्रॅम. तव्यावर शेवटी दोन-तीन ग्रॅम उरलं ते वजा केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 11 ग्रॅम. एका थालीपिठाचं तेल मोजण्यात अर्थ नाही, कारण पहिल्याचं उरलेलं तेल दुसरं पितं. पूर्ण घाणा मोजून भागावा. आणि तेल लाकडी घाण्याचं असो की रिफाइंड, ग्रॅममागे नऊ कॅलरी सारख्याच.

आता एका थालीपिठाची बेरीज: पिठातून 214 कॅलरी, कांद्यातून 15, तेलातून 99. एकूण 328. प्रथिनं 8 ग्रॅम, कर्बोदकं 42, स्निग्धांश साडेतेरा. या साडेतेरातले अकरा एकट्या तेलाचे. म्हणजे जवळपास एक तृतीयांश कॅलरी त्या वाटीतून आल्या.

थापण्याच्या जाडीचाही यात हात आहे. 120 ग्रॅम पिठाची दोन जाड थालीपिठं केली तर तेल 22 ग्रॅम लागतं. कुरकुरीत हवीत म्हणून तीन पातळ केली आणि प्रत्येकाला हात तसाच सैल राहिला तर 33. पीठ तेच, पोट तेवढंच भरतं, पण कॅलरी शंभरने वाढल्या. झाकण ठेवून वाफेवर शिजवलं आणि कडेनेच तेल सोडलं तर जाड थालीपीठही आतून कच्चं राहत नाही. कच्चं राहिलं तर मोडल्यावर आत चिकट, गडद पट्टा दिसतो. भाजणी कमी भाजली असली तरी तसंच होतं.

तयार थालीपीठ काट्यावर ठेवलं तर साधारण सव्वाशे ग्रॅम भरतं, कारण त्यात पाणी असतं. म्हणजे शंभर ग्रॅम थालीपिठात 260 कॅलरी आणि शंभर ग्रॅम भाजणीत 357. मोबाइलवर ‘थालीपीठ, 100 ग्रॅम’ लिहिताना यातलं कुठलं हे ठरवलं नाही तर सगळंच फसतं.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. “मामी, मग डाळ दुप्पट कर ना, प्रोटीन वाढेल.” डाळी 150 वरून 300 ग्रॅम केल्या आणि तेवढं धान्य कमी केलं, तर किलोमागे प्रथिनं अठराएक ग्रॅम वाढतात. एका थालीपिठाला येतं जेमतेम एक ग्रॅम. शिवाय उडीद वाढला तर पीठ चिकट होतं, हरभरा वाढला तर कडा तुटतात. डाळींचं खरं काम वेगळं आहे: धान्यात कमी असणारं लायसिन त्या भरून काढतात, आणि त्यासाठी आहे ते प्रमाणही उपयोगी पडतं. प्रथिनंच वाढवायची तर सोबत शंभर ग्रॅम दही घेतलं की तीन ग्रॅम मिळतात. लोण्याचा गोळा घेतला तर प्रथिनं जवळपास शून्य आणि तेलाच्या खात्यात आणखी भर.

आता भाजणीच्या डब्यावर चिठ्ठी लावली आहे: किलोला किती, पीठ किती भरलं, शंभर ग्रॅममागे काय. ते आकडे पुढची भाजणी होईपर्यंत बदलणार नाहीत. तेलाची वाटी मात्र रोज मोजावी लागेल, आणि सासूबाई तव्यापाशी असतील त्या दिवशी तर नक्कीच.