हजेरीच्या डॅशबोर्डवरचे रंग

महिन्याच्या हजेरीचा डॅशबोर्ड म्हणजे मस्टरचीच पडद्यावरची मांडणी. आडव्या ओळीत एक कर्मचारी, उभ्या रकान्यात एक तारीख आणि दोन्ही जुळतात त्या चौकोनात रंग. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे प्रत्येक प्रणालीत वेगळे असू शकते. म्हणून पडद्याच्या कडेला दिलेली रंगसूची आधी वाचावी. पुढे दिलेली पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते.

हिरवा चौकोन म्हणजे येण्याची आणि जाण्याची, अशा दोन्ही वेळा नोंदल्या गेल्या. पिवळा म्हणजे उशीर. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामकाजाची वेळ सर्वसाधारणपणे 9.45 ते 6.15 झाली, तेव्हा उशीर मोजायचा तो 9.45 पासून. नारिंगी म्हणजे दोनपैकी एकच नोंद, बहुधा जाताना बोट लावायचे राहिलेले. निळा मंजूर रजेचा, राखाडी सुट्टीचा.

खरी काळजी घ्यावी लागते ती लाल रंगाची. नवा लिपिक लाल दिसताच ‘गैरहजर’ असा शेरा मारतो, आणि तिथेच माणसावर अन्याय होतो. लाल रंग एवढेच सांगतो की त्या दिवशी यंत्रावर नोंद नाही आणि मंजूर रजाही नाही. समजा, 12 तारखेला एक कर्मचारी कोषागारात देयक घेऊन गेला आणि तिथूनच घरी गेला. त्याने बाहेरच्या कामाचा अर्ज टाकला, पण तो अधिकाऱ्याच्या लॉगिनला पडून आहे. मंजुरी मिळेपर्यंत तो चौकोन लालच राहणार. अशा वेळी हजेरीत हात घालायचा नसतो. आधी प्रलंबित अर्जांची यादी उघडायची, मग हालचाल नोंदवही पाहायची आणि अधिकाऱ्याला मंजुरीची आठवण करून द्यायची.

लाल चौकोन कसे पसरले आहेत, यावरूनही पुष्कळ कळते. एकाच ओळीत सलग लाल दिसले तर प्रश्न त्या कर्मचाऱ्याचा: रजेचा अर्ज राहिला असेल किंवा बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र ते ओळखत नसेल. एकाच तारखेचा अख्खा रकाना लाल असेल तर बहुधा यंत्र बंद होते किंवा त्याची माहिती सर्व्हरवर पोहोचलेली नाही. अशा वेळी शेरे न मारता यंत्र सांभाळणाऱ्याला कळवावे.

ओळीच्या शेवटी असलेली टक्केवारीही जपून वाचावी. कामाचे 22 दिवस, त्यांत 18 हिरवे, 1 पिवळा, 2 निळे आणि 1 लाल असेल, तर हजर दिवस 19 होतात. भागिले 22 केल्यास 86 टक्के येतात, रजा वगळून भागिले 20 केल्यास 95. आपली प्रणाली कशाने भागते, हे एका ओळीचा हिशेब हाताने करून पडताळता येते. लाल आणि नारिंगी चौकोनांचा निकाल वेतन देयक तयार होण्यापूर्वी लावावा. त्यानंतर दुरुस्ती झाली, तरी कापलेला पगार पुढच्या देयकातच मिळतो.